फ्रिजमधले मशरूम काळवंडले किंवा बुळबुळीत झाले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारच्या बाजारात मिळणारे मशरूम बहुतेक वेळा पांढऱ्या बटन जातीचे असतात आणि प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने झाकलेल्या २०० ग्रॅमच्या डब्यात येतात. पुढील उत्तरे मुख्यतः याच मशरूमविषयी आहेत. धिंगरी मशरूमचा उल्लेख जेथे वेगळे सांगणे आवश्यक आहे, तेथेच केला आहे.

मशरूम तपकिरी किंवा काळपट पडला, म्हणजे तो खराब झाला असे समजावे का?

केवळ रंगावरून तसे समजू नये. मशरूमच्या पेशींमध्ये काही फिनॉल द्रव्ये असतात आणि त्यांच्यापासून वेगळे ठेवलेले एक विकरही असते. मशरूम दाबला गेला, डब्यात एकमेकांवर घासला गेला किंवा सुरीने कापला गेला की पेशी फुटतात, ही दोन्ही द्रव्ये एकत्र येतात आणि हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने तपकिरी रंगद्रव्य तयार होते. कापून ठेवलेले वांगे काळे पडते तेही याच क्रियेमुळे, आणि भरितासाठी वांगी निवडणाऱ्या आपल्या भागात कापलेल्या वांग्याचा बदललेला रंग पाहून कोणी ते फेकून देत नाही. दाबल्याच्या जागी पडलेला, कोरडा आणि टणक राहिलेला तपकिरी डाग याच प्रकारचा असतो. असा मशरूम त्याच दिवशी शिजवून खाता येतो, मात्र रश्शाचा रंग थोडा गडद होतो.

काळेपणाबरोबर दुसरे काही आले असेल तर निर्णय बदलतो. डागाची जागा खोलगट झाली असेल, बोटाने हलके दाबल्यावर ती आत दबून तशीच राहत असेल, किंवा डागाभोवती पाणी झिरपल्यासारखी ओल दिसत असेल, तर ती जिवाणूंची कामगिरी आहे आणि असा मशरूम टाकून द्यावा. छत्रीवर पिवळसर-तपकिरी, किंचित खचलेले ठिपके पाडणारा एक जिवाणूजन्य रोग लागवडीच्या वेळीच लागतो आणि फ्रिजमध्ये ओल मिळाली की पसरत जातो. ठिपके कमी आणि कोरडे असतील तर तेवढा भाग काढून उरलेला मशरूम लगेच वापरता येतो, पण ते ओलसर झाले असतील तर पूर्ण मशरूम टाकावा.

याच्या उलट, पांढरेपणा हाही ताजेपणाचा पुरावा नाही. काढणीनंतर मशरूम पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या सौम्य द्रावणात धुण्याची पद्धत आहे. त्यामुळे रंग बदलण्याची क्रिया रोखली जाते, परंतु वय थांबत नाही. म्हणूनच पांढराशुभ्र दिसणारा मशरूमही हात लावून आणि वास घेऊन पाहिल्याशिवाय ताजा मानू नये.

बुळबुळीतपणा कोठून येतो आणि तो रंगापेक्षा गंभीर का मानावा?

मशरूमच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग पाणी असतो आणि फळांना असते तशी जाड साल त्याला नसते. तोडल्यानंतरही तो श्वसन करत राहतो आणि हे श्वसन बहुतेक भाज्यांपेक्षा वेगाने होते. बंद डब्यात त्यातून बाहेर पडलेली वाफ प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस थेंबांच्या रूपाने जमते आणि हे थेंब पुन्हा छत्रीवर पडतात. ओल्या पृष्ठभागावर, फुटलेल्या पेशींतून झिरपणाऱ्या रसावर काही जिवाणू वाढतात. यांपैकी स्यूडोमोनास गटातले जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढू शकतात, हा यातला महत्त्वाचा भाग आहे. त्यांची संख्या फार वाढली की त्यांनी सोडलेली चिकट द्रव्ये आणि विरघळत चाललेल्या मशरूमचा गर मिळून पृष्ठभागावर थर तयार होतो. म्हणजे हाताला बुळबुळ लागते तेव्हा जिवाणूंची वाढ सुरू होऊन बराच काळ लोटलेला असतो.

हे जिवाणू बहुतेक निरोगी माणसांना थेट आजारी पाडणारे नसतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही ज्या परिस्थितीत त्यांची एवढी वाढ झाली, त्या परिस्थितीत त्यांच्या सोबतीने दुसरे कोणते जिवाणू वाढले आहेत हे घरी बसून ओळखण्याचा कोणताही मार्ग नसतो. त्यामुळे बुळबुळीत मशरूम टाकून देणे हाच निर्णय योग्य ठरतो.

साधी ओल आणि बुळबुळीतपणा यांतला फरक हाताने कसा ओळखावा?

एक मशरूम बाहेर काढून कोरड्या, स्वच्छ सुती कापडाने टिपावा. वाफेचे पाणी असेल तर ते कापडात शोषले जाते आणि छत्री पुन्हा कोरडी, किंचित मखमली लागते. बुळबुळीत थर असेल तर कापड छत्रीवरून घसरते, टिपल्यानंतरही बोटांना चिकटपणा जाणवतो, आणि अंगठा व तर्जनी छत्रीला लावून एकमेकांपासून दूर नेली असता कधी बारीक तार सुटते. कापडावर पिवळट किंवा तपकिरी, चिकट डाग राहणे हीसुद्धा त्याचीच खूण आहे.

त्यानंतर छत्री दोन्ही बाजूंनी हलकेच दाबावी. चांगला मशरूम स्पंजासारखा दबून परत वर येतो आणि देठ मोडताना त्याचा कडक आवाज येतो. खराब होऊ लागलेल्या मशरूमचा देठ मोडत नाही, तो वाकतो किंवा त्याचे तंतू सुटे होतात. केवळ टिपून कोरडी होणारी ओल असेल आणि मशरूम टणक असेल, तर त्याला कोरडे करून त्याच दिवशी शिजवावे, कारण ती ओल तशीच राहिली तर एक-दोन दिवसांत बुळबुळ सुरू होते.

बुळबुळीत थर धुऊन काढला आणि भरपूर उकळून शिजवले, तर चालणार नाही का?

नाही. धुतल्याने वरचा थर निघतो, पण ज्या ठिकाणी पेशी विरघळल्या आहेत तेथे जिवाणू आत पोहोचलेले असतात. उकळण्याने जिवाणू मरतात हे खरे आहे, परंतु काही जिवाणू वाढताना अन्नात विष सोडतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे विष उकळूनही नष्ट होत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये डबाबंद मशरूम खाल्ल्याने विषबाधेच्या ज्या घटना घडल्या, त्यांमागे हेच विष होते. डबाबंदीच्या प्रक्रियेत दिलेल्या तीव्र उष्णतेतूनही जे टिकले, ते घरच्या कढईतल्या उकळीने जाईल अशी अपेक्षा करता येत नाही.

मीठ किंवा लिंबू चोळून धुणे, हळदीच्या पाण्यात बुडवणे किंवा गरम तेलात आधी तळून घेणे यांनीही हा प्रश्न सुटत नाही.

वास नेमका कधी आणि कसा घ्यावा?

वास नेहमी कच्च्या मशरूमचा आणि मसाला लावण्याआधीच घ्यावा. आपल्या घरांत मशरूमची भाजी बहुतेकदा सुके खोबरे आणि कांदा भाजून, काळा मसाला घालून, तर्री येईपर्यंत शिजवली जाते. हा मसाला एवढा उग्र असतो की सुरुवातीचा आंबूस वास त्याखाली पूर्णपणे झाकला जातो. भाजी एकदा कढईत गेली की नाकाचा उपयोग उरत नाही.

डब्यावरचे प्लॅस्टिक काढल्याबरोबर येणाऱ्या वासावरून मत बनवू नये, कारण कोंडलेल्या हवेचा वास चांगल्या मशरूमलाही काही क्षण येतो. डबा पाचेक मिनिटे उघडा ठेवून मग एकेक मशरूम नाकाजवळ न्यावा. ताज्या मशरूमला पहिल्या पावसात ओल्या झालेल्या मातीसारखा मंद वास असतो. आंबट, मासळीसारखा किंवा नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला, तर मशरूम वरून कितीही कोरडा आणि पांढरा दिसत असला तरी टाकावा. फ्रिजमध्ये कांदा, लसूण किंवा लोणचे शेजारी असेल तर मशरूम त्यांचा वास धरतो. तो वास ओळखू येतो आणि त्यात धोका नसतो. शंका आली म्हणून कच्चा तुकडा चाखून मात्र पाहू नये.

एकाच डब्यातले काही मशरूम बिघडले आणि काही चांगले दिसतात, तर काय करावे?

अशा वेळी संपूर्ण डब्याची तपासणी कशी करायची, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, जळगावच्या एका घरात शनिवारी संध्याकाळी २०० ग्रॅमचा डबा आणला, तो प्लॅस्टिकसह फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला आणि बुधवारी सकाळी उघडला. प्लॅस्टिकच्या आत थेंब आहेत. पंधरा मशरूमपैकी तीन बुळबुळीत आहेत, पाचांवर कोरडे तपकिरी डाग आहेत आणि बाकीचे सात टणक आहेत.

प्रथम सगळे मशरूम एका ताटात सुट्टे पसरावेत, कारण डब्यात ठेवूनच वरून पाहिले तर तळाचे मशरूम कळत नाहीत, आणि पाणी तळाशी साचत असल्याने बिघाड बहुतेक वेळा तेथूनच सुरू होतो. तीन बुळबुळीत मशरूम लगेच बाजूला काढावेत. त्यांना चिकटून असलेल्या मशरूमच्या स्पर्शाच्या जागा टिपून पाहाव्यात. तेथे चिकटपणा आला असेल तर तेही टाकावेत, कारण थर एका मशरूमवरून दुसऱ्यावर सहज पसरतो. या उदाहरणात असे आणखी दोन निघाले असे धरू. उरलेल्या दहांचा वास एकेक करून घ्यावा, देठ मोडून पाहावा, वाहत्या पाण्याखाली धुवावेत आणि त्याच जेवणासाठी शिजवावेत. ते पुन्हा डब्यात भरून गुरुवारसाठी ठेवू नयेत.

हेच निम्म्याहून अधिक मशरूम बुळबुळीत निघाले असते, किंवा ताटात पसरल्यावरही सगळ्यांना आंबूस वास येत राहिला असता, तर निवडत न बसता सगळा डबा टाकणे योग्य ठरले असते. घरात गर्भवती स्त्री, लहान बाळ, वृद्ध माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे कोणी जेवणार असेल, तर तीन बुळबुळीत निघाले तरी पूर्ण डबा टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या मशरूमची किंमत त्या माणसाच्या तब्येतीपुढे फार थोडी असते.

छत्री उघडून खालच्या पट्ट्या काळ्या दिसू लागल्या, तर?

बटन मशरूमच्या छत्रीखालच्या पातळ पट्ट्या कोवळेपणी गुलाबी असतात आणि पक्व होताना चॉकलेटी होतात. फ्रिजमध्येही छत्री उघडत राहते. पट्ट्या कोरड्या आणि सुट्या असतील तर मशरूम खाण्यास योग्य आहे. त्या एकमेकींना चिकटून ओल्या झाल्या असतील तर टाकावा.

मशरूम सुकून सुरकुतला असेल तर तो टाकावा लागतो का?

कोरडा, सुरकुतलेला आणि वास नसलेला मशरूम फक्त पाणी गमावून बसलेला असतो. तो रश्शात वापरता येतो.

पांढरी लव दिसली, ती बुरशी समजावी का?

धिंगरी मशरूमच्या देठाजवळ किंवा कडेला दिसणारी पांढरी, मऊ, सपाट लव बहुधा मशरूमचे स्वतःचेच तंतू असतात, आणि बाकी मशरूम टणक व चांगल्या वासाचा असेल तर तो खाता येतो. लव हिरवी, निळसर, करडी किंवा काळी असेल, कापसासारखी वर उठलेली असेल, किंवा मऊ पडलेल्या जागेवर आलेली असेल, तर ती परकी बुरशी आहे. असा मशरूम पूर्ण टाकावा. तेवढा भाग कापून उरलेला वापरू नये, कारण मऊ आणि ओल्या पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. धिंगरी मशरूम बटनापेक्षा नाजूक असल्याने तो दोन-तीन दिवसांतच संपवावा.

एप्रिल-मे महिन्यात बाजारातून घरी येईपर्यंत मशरूम तापले, तर फ्रिजमध्ये ठेवून ते सुधारतात का?

फ्रिज बिघाडाचा वेग कमी करतो, झालेला बिघाड भरून काढत नाही. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून अधिक उष्णता असते. अशा उष्णतेत घालवलेले दोन तास फ्रिजमधले कित्येक दिवस खाऊन टाकतात. म्हणून उन्हाळ्यात मशरूम बाजारहाटीच्या शेवटी घ्यावेत, दुकानदाराने ते थंड कपाटातून काढून दिले आहेत का हे पाहावे आणि थेट घरी यावे. पूर्ण, न कापलेले मशरूम अशा प्रवासात तापले असतील तर वर सांगितलेल्या खुणा तपासून त्याच दिवशी शिजवावेत. कापून ठेवलेले मशरूम मात्र बाहेर दोन तासांपेक्षा अधिक, आणि ३२ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत एक तासापेक्षा अधिक राहिले असतील तर खुणांची वाट न पाहता टाकून द्यावेत.

येथे एका अशा धोक्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे, ज्याची खूण बुळबुळीतपणाच्या आधीही दिसेल असे नाही. मशरूम श्वसनाने डब्यातला प्राणवायू संपवतात. डब्याला छिद्रे नसतील आणि तो उष्ण जागी राहिला, तर प्राणवायूविरहित हवेत वाढणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू त्यात विष तयार करू शकतो. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत, घट्ट गुंडाळलेल्या आणि खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या मशरूममध्ये हे विष मशरूम खाण्याजोगे दिसत असतानाही आढळले होते. डब्याच्या प्लॅस्टिकला छिद्रे पाडण्याचे कारण हेच आहे. त्यामुळे घट्ट बंद डबा रात्रभर ओट्यावर राहिला असेल, तर मशरूम पांढरे आणि कोरडे दिसत असले तरी ते टाकावेत.

मग मशरूम फ्रिजमध्ये ठेवावेत तरी कसे?

घरी आल्यावर प्लॅस्टिक काढावे, मशरूम न धुता कोऱ्या तपकिरी कागदी पिशवीत किंवा कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळावेत आणि फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवावेत. भाजीच्या बंद कप्प्यात ओल अधिक साचते, म्हणून तो टाळावा. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण छपाईची शाई अन्नाला लागते आणि भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानेही अन्न वर्तमानपत्रात बांधण्याविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. कापड ओले झाले की बदलावे. फ्रिजचे तापमान ४ अंशांच्या आसपास असेल तर या पद्धतीने ताजे बटन मशरूम साधारण चार-पाच दिवस टिकतात. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज सुमारे चार तास थंडावा धरून ठेवतो.

एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून मशरूम ठेवले, तर ते गोठतात आणि वितळल्यावर काळपट, पाणीदार व लिबलिबीत होतात. हा बिघाड जिवाणूंचा नसून बर्फाने पेशी फुटल्याचा असतो. तो लगेच लक्षात आला आणि वास चांगला असेल, तर ते त्याच वेळी शिजवता येतात. पण वितळून पडून राहिलेले आणि बुळबुळीतात मोजावे असे झालेले मशरूम टाकावेत, कारण तेव्हा दोन्हींतला भेद उरत नाही.

शिजवलेली मशरूमची भाजी किती दिवस ठेवता येते?

भाजी शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात एका तासात, उथळ भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन दिवसांत संपवावी. खाताना ती वाफा येईपर्यंत गरम करावी. फेस आला, तार सुटली किंवा आंबूस वास आला तर टाकावी.

बिघडलेले मशरूम चुकून खाल्ले गेले, तर काय करावे?

उलट्या करवण्याचा प्रयत्न करू नये. स्टॅफिलोकोकसच्या विषाने मळमळ, उलट्या आणि पोटात कळा साधारणतः एक ते सहा तासांत सुरू होतात. अशा वेळी ओआरएसचे पाणी घोट घोट द्यावे. उलट्या थांबत नसतील, ताप आला, शौचात रक्त दिसले किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरांकडे जावे. एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे किंवा घोट गिळता न येणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि मशरूम खाल्ल्याचे सांगावे.

पावसाळ्यात सातपुड्यातून येणाऱ्या रानातल्या अळिंबीलाही याच खुणा लागू पडतात का?

नाही. येथे सांगितलेल्या सर्व खुणा अळिंबी शिळी आहे की ताजी, एवढेच सांगतात. ती विषारी आहे का, हे त्यांवरून कळत नाही. विषारी अळिंबी टणक, कोरडी आणि चांगल्या वासाचीही असू शकते, तिच्यातले विष शिजवल्याने जात नाही, आणि काही जातींत उलट्या-जुलाब सुरू व्हायलाच सहा तासांहून अधिक वेळ लागतो. चांदीचे नाणे किंवा लसूण काळे पडते का हे पाहण्याची रूढ कसोटीही निरुपयोगी आहे. जात नक्की ओळखणाऱ्या जाणत्या माणसाने खात्री दिल्याशिवाय रानातली अळिंबी घरात शिजवू नये.

खराब मशरूम गुरांना घातले तर चालतात का?

गुरांना किंवा कोंबड्यांना घालू नयेत. उकिरड्यात किंवा खताच्या खड्ड्यात मातीखाली पुरावेत, ते लवकर कुजतात. त्यानंतर ज्या फळीवर ते होते ती साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करावी, कापड गरम पाण्यात धुवावे आणि डब्यात साचलेले पाणी इतर भाज्यांवर सांडले असेल तर त्या भाज्याही धुऊन, टिपून मगच परत ठेवाव्यात.